ग्रुपचा कोट पाठवला की महिन्याने "दर तोच ना?" येतं: नक्की कुठे चुकतं आणि मी काय बदललं

हा प्रॉब्लेम मला दर सीझनला यायचा. ग्रुप विचारतो, मी कोट पाठवते, मग शांतता. मग तीन-चार आठवड्यांनी एकदम मेसेज येतो की आमचं ठरलं, फक्त माणसं जरा कमी झालीत आणि तारीख जरा पुढे गेलीय, दर तोच ना. नाही म्हणलं तर "तुम्हीच लिहून दिलंय की", आणि हो म्हणलं तर तीन दिवस राबून हातात काही उरत नाही. माझा पुण्यात छोटा टूरचा धंदा आहे, मी आणि एक पोरगा, बास. सोसायट्यांचे ग्रुप, भिशीवाल्या बायका, एखादी रिटायर्ड लोकांची बॅच, असली कामं. त्यामुळे एक ग्रुप जरी चुकला तरी महिना बिघडतो.

आधी बरीच वर्षं मला वाटायचं की लोकच घासाघीस करणारे. मग एकदा सगळे जुने कोट काढून बसले आणि लक्षात आलं की भांडणं जवळजवळ सगळी मीच लिहून दिलेल्या वाक्यांवरून झालीत. एक केस पूर्ण सांगते, म्हणजे कळेल.

2025 च्या दिवाळीआधीची गोष्ट. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, गणपतीपुळे आणि रत्नागिरी, दोन रात्री तीन दिवस, तीस माणसं, डिसेंबरचा पहिला वीकेंड. मी 6 ऑक्टोबरला कोट पाठवला. तो जसाच्या तसा असा होता:

"गणपतीपुळे सहल, 2 रात्री 3 दिवस. 8,400/- प्रति व्यक्ती + जीएसटी. एसी बस, उत्तम हॉटेल, नाश्ता व जेवण, सर्व साइटसीइंग समाविष्ट. कोट आठ दिवस व्हॅलिड. वर नमूद नसलेला कोणताही खर्च वेगळा."

वाचायला काय वाईट आहे सांगा? मलाही छान वाटला होता.

14 तारखेला काकांचा फोन, "अगं फायनलच समज, दिवाळी झाली की पैसे गोळा करतो." मी समजले. मग 3 नोव्हेंबरला मेसेज: "26 ते 28 डिसेंबर करू म्हणतोय, मुलांना सुट्ट्या आहेत. बावीस जण आहोत. दर तोच ना?"

म्हणजे एका मेसेजमध्ये मुदत गेली, तारीख बदलली, माणसं बदलली, आणि बदलला नाही तो फक्त दर. ख्रिसमसच्या आठवड्यात कोकणात खोलीचा दर काय होतो हे तिथे कधी गेलेल्या कुणालाही विचारा. हॉटेलवाला 3,600 ची खोली 5,200 ला सांगत होता, बसवाले शेठही किलोमीटरमागे सहा रुपये वाढवून बसलेले. मी नव्याने हिशोब केला तर माणशी साधारण दहा हजार नऊशे येत होते. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू तर आठ दिवस व्हॅलिड लिहिलंयस आणि मी तर सातव्या-आठव्या दिवशी हो म्हणलं होतं की." आणि खरंच म्हणले होते! शेवटी मधला मार्ग काढला, 12 ते 14 डिसेंबर, दर 8,400 च. ओळखीतले लोक, काय करणार.

आता यात पैसे कुठे गेले ते दाखवते, कारण तिथेच सगळं आहे.

ग्रुपच्या खर्चाचे दोन ढीग असतात. एक ढीग माणसं कितीही असोत तेवढाच राहतो. माझी बत्तीस सीटर एसी बस 48 रुपये किलोमीटर, रोजचं मिनिमम 300 किलोमीटर, म्हणजे तीन दिवसांचे 900 चे 43,200. पुणे ते गणपतीपुळे आंबा घाटाने सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, जाऊन येऊन आणि तिथलं फिरणं धरून, गॅरेज टू गॅरेज मोजलं तरी 900 च्या आत बसतं. ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता 3,000. टोल आणि पार्किंग 4,300, कारण खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे असे तिन्ही नाके जाताना आणि येताना लागतात. आमच्या माणसाचा पगार, खोली, जेवण 7,500. बेरीज 58,000. दुसरा ढीग डोक्यामागे वाढतो: दोघांत एक खोली धरून दोन रात्रींचे 3,600 आणि खाण्यापिण्याचे 1,800, म्हणजे माणशी 5,400.

तीस जण असते तर 58,000 अधिक 1,62,000, खर्च 2,20,000. येणार होते 2,52,000. उरले असते 32,000. बावीस झाल्यावर खर्च 1,76,800 आणि आले 1,84,800. उरले 8,000. आठ माणसं कमी झाली आणि 24,000 गेले, कारण पहिला ढीग हललाच नाही, तो बावीस डोक्यांत वाटला गेला. तरी 8,000 तर होते ना? थांबा.

बावीसमध्ये नऊ जोडपी, तीन बायका आणि एक एकटे आजोबा. मी अकरा खोल्या धरलेल्या. तिघी बायका एका खोलीत राहतील असं मी मनातच ठरवून टाकलं होतं, पण त्यातल्या एक मावशी म्हणाल्या मला घोरण्याचा त्रास होतो, मी वेगळीच राहणार, आणि कोटात कुठे लिहिलंय तिघींत एक खोली? नव्हतंच लिहिलेलं. "उत्तम हॉटेल" एवढंच होतं. बारावी खोली, दोन रात्री, 7,200. उरले 800. मग दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत दुपारी जेवायला बसलो, चौदा जणांनी सुरमई थाळी मागवली, साध्या थाळीपेक्षा 200 जास्त. कोकणात येऊन मासे नाही खायचे तर काय बटाट्याची भाजी खायची का, असं एक काका म्हणाले आणि त्यांचंही चूक नव्हतं, "जेवण समाविष्ट" म्हणजे जेवण समाविष्ट. 2,800. म्हणजे तीन दिवस लोकांना कोकण दाखवून मी 2,000 रुपये घरातून घातले.

(घाटातला एसीचा तमाशा वेगळाच. आंबा घाट चढताना ड्रायव्हरने एसी बंद केला, तसे ते करतातच, इंजिनावर लोड येतो. पण मागून ओरडा, "एसी बसचे पैसे घेतलेत!" तेही कुठे लिहिलं नव्हतं.)

तर आता दुरुस्ती. तुमच्याकडे पण हेच होत असेल तर ग्राहकाचा दुसरा मेसेज बघा, त्यावरून दुखणं ओळखू येतं. "अजून चालेल ना?" आलं तर मुदत ढिली आहे. "तेवढ्यातच करा ना, चारच कमी झालेत" आलं तर दराला संख्या बांधलेली नाही. आणि भांडण सहलीत असताना, तेही हॉटेलच्या काउंटरवर किंवा जेवणाच्या टेबलावर होत असेल तर समाविष्ट-वगळलेलं एकमेकांत मिसळलंय.

मुदतीचं आधी घेऊ. "आठ दिवस व्हॅलिड" मध्ये घोळ हा की कधीपासून आठ? मी पाठवला त्या दिवसापासून, काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला तेव्हापासून, का मीटिंग झाली तेव्हापासून? आणि आठ दिवसांत नक्की काय करायचं, हो म्हणायचं का पैसे भरायचे? मी आता वार, तारीख, वर्ष आणि वेळ लिहिते, आणि त्या वेळेपर्यंत काय झालं पाहिजे तेही लिहिते. "फायनलच समज" ला हो मानत नाही. लेखी होकार आणि 25 टक्के ॲडव्हान्स खात्यात जमा, दोन्ही झालं की बुकिंग.

आणि ही तारीख मनाने ठरवायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. हॉटेलवाल्याने माझ्यासाठी खोल्या 17 ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवल्या असतील, बसवाल्याने 20 पर्यंत, तर माझा कोट 15 लाच संपला पाहिजे. जो सगळ्यात आधी हात सोडणार त्याच्या दोन दिवस आधीची तारीख. मी आधी उलटं करायचे, ग्राहकाला आठ-दहा दिवस द्यायचे आणि मग हॉटेलवाल्याला फोन करून "दादा अजून दोन दिवस धरा ना" करत बसायचे. हॉटेलवाल्याची तारीख पण फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नाहीतर तुमची तारीख हवेत.

कोटावर प्रत्यक्षात तीन तारखा लागतात आणि त्या एकात एक घुसवायच्या नाहीत. पहिली, कोट कधीपर्यंत स्वीकारता येईल. दुसरी, हा दर कोणत्या प्रवासाच्या तारखांना लागू आहे. माझ्या जुन्या कोटात प्रवासाची तारीखच नव्हती, फोनवर बोललो होतो म्हणून मी गृहीत धरली, आणि म्हणूनच काकांना 5 डिसेंबर आणि 26 डिसेंबर सारखेच वाटले. तिसरी, अंतिम संख्या कधी सांगायची. त्या तारखेनंतर कुणी गळालं तरी पैसे तेवढ्याच माणसांचे, कारण तोवर खोल्या कन्फर्म झालेल्या असतात.

कायद्याचं पण एक सांगते, माझ्या एका वकील क्लायंट ताईंनी समजावलेलं. भारतीय करार कायदा 1872 चा, त्यातलं कलम 6: प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपली की प्रस्ताव आपोआप संपतो, आणि दिली नसेल तर "वाजवी काळ" गेल्यावर. आता वाजवी म्हणजे किती, यावर तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून वाद घालत बसा. कलम 7 मध्ये आहे की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त पाहिजे. म्हणजे तीसच्या कोटाला "हो, पण बावीस आणि तारीख पुढे" हा होकार नाहीच, तो त्यांचा नवा प्रस्ताव आहे. हे काही मी कुणाला तोंडावर म्हणून दाखवत नाही, ओळखीतल्या माणसांना कलमं सांगितली तर पुढचा ग्रुप गेलाच समजा. पण मनात स्पष्ट असलं की "काका, हा नवीन कोट लागेल, संध्याकाळपर्यंत देते" हे न अडखळता बोलता येतं.

मग संख्या. दर एकच द्यायचा नाही, स्लॅब द्यायचे, आणि स्लॅबचा दर त्यातल्या सगळ्यात कमी संख्येवर काढायचा. मी तीसचा दर अगदी बरोब्बर तीसवर काढला होता, एक माणूस कमी झाला तरी गळती सुरू. आता 26 ते 30 चा स्लॅब असेल तर 26 वर हिशोब: 58,000 भागिले 26 म्हणजे 2,231, त्यात 5,400, वर माझे हजारेक, 8,700 लावते. 21 ते 25 ला 21 वर हिशोब, 9,200. 21 च्या खाली दर देतच नाही, लिहिते की नवीन कोट, कारण तिथे गाडीच बदलते. शिवाय "आयोजकाचं फ्री ना?" हे येणारच, सेक्रेटरी लोकांचा तो हक्कच आहे. फ्री द्या, पण कोटात लिहा "29 पैसे भरणारे अधिक 1", कारण एक फ्री म्हणजे सरळ 5,400 तुमच्या खिशातून, ते बाकीच्या 29 मध्ये आधीच वाटलेले असले पाहिजेत.

आता समाविष्ट आणि वगळलेलं. इथे माझी मोठी चूक अशी की समाविष्ट चार शब्दांत आणि वगळलेलं एका पोत्यात: "वर नमूद नसलेला कोणताही खर्च वेगळा". हे वाक्य आपल्याला सेफ वाटतं पण प्रत्यक्षात बिनकामाचं आहे, कारण वर "जेवण" नमूद आहे ना, मग सुरमई जेवणात नाही का? "सर्व साइटसीइंग" नमूद आहे, मग थिबा पॅलेसचं तिकीट कुणी काढायचं? पुळ्याच्या बीचवर नातवंडाला वॉटर स्कूटरवर बसायचंय ते साइटसीइंग का नाही? "सर्व", "वगैरे", "उत्तम", "शक्यतो" हे चार शब्द मी कोटातून हद्दपार केलेत.

करायचं असं की एकेक गोष्ट घ्यायची, बस, खोली, जेवण, बघायची ठिकाणं, आणि प्रत्येकीचं काय आत आहे ते मोजून लिहायचं आणि लगेच स्वतःला विचारायचं की याच गोष्टीतलं बाहेर काय आहे, आणि ते दुसऱ्या यादीत त्याच क्रमाने टाकायचं. दोन याद्या पूर्ण वेगळ्या, मध्ये मोकळी जागा, पण क्रम तोच, म्हणजे वाचणारा माणूस आतलं जेवण बघून खालच्या यादीत बाहेरचं जेवण शोधू शकतो. समाविष्टच्या यादीत "सोडून" आणि "वगळता" हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, तसं आलं की समजायचं बाहेरची गोष्ट आत घुसली. आणि जे लोक हमखास मागणारच आहेत ते नुसतं वगळून उपयोग नाही, त्याचा भाव लिहून तिसरी छोटी यादी करायची. सुरमई वगळली म्हणलं की लोकांना राग येतो, सुरमई 200 जास्त म्हणलं की लोक आरामात मागवतात.

त्याच सहलीचा कोट आज लिहिला असता तर असा लिहिला असता:

कोट क्रमांक 2, सोमवार 6 ऑक्टोबर 2025. आधीचा कोट रद्द.
दर: 26 ते 30 जण, माणशी 8,700 + 5% जीएसटी 435 = 9,135. 21 ते 25 जण, माणशी 9,200 + जीएसटी 460 = 9,660. 21 पेक्षा कमी असल्यास नवीन कोट.
हा दर फक्त शुक्रवार 5 ते रविवार 7 डिसेंबर 2025 या प्रवासासाठी, एका खोलीत दोघे धरून.
स्वीकारायची मुदत: बुधवार 15 ऑक्टोबर 2025, संध्याकाळी 6. तोपर्यंत लेखी होकार आणि 25% रक्कम खात्यात जमा.
अंतिम संख्या: गुरुवार 20 नोव्हेंबर 2025. त्यानंतर कमी झालेल्यांचेही पैसे धरले जातील.

समाविष्ट
बस: 32 सीटर एसी, कोथरूड ते कोथरूड, टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता.
खोली: गणपतीपुळे, एसी खोली, 2 रात्री, दोघांत एक.
जेवण: नाश्ता 3, दुपारची शाकाहारी थाळी 3, रात्रीचं शाकाहारी जेवण 2, दुपारचा चहा 3.
ठिकाणं: गणपतीपुळे मंदिर, मालगुंड, पावस, थिबा पॅलेस, टिळक जन्मस्थान. प्रवेश तिकिटं धरून.

समाविष्ट नाही
बस: कार्यक्रमाबाहेरचं फिरणं. घाटात आणि गाडी उभी असताना एसी बंद राहील.
खोली: एकट्यासाठी खोली, रूम सर्व्हिस, लाँड्री.
जेवण: मासे, मटण, चिकन, बाटलीबंद पाणी, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक. परतीच्या दिवशीचं रात्रीचं जेवण.
ठिकाणं: बीचवरचे वॉटर स्पोर्ट्स, घोडा, उंट, कॅमेरा फी, पूजा-अभिषेक.

हवं असल्यास (जीएसटी वेगळा)
एकट्यासाठी खोली: 2 रात्रींचे 3,600 जास्त. तिघांत एक खोली: माणशी 600 कमी. सुरमई थाळी: दर वेळी 200 जास्त.

एवढंच. एका पानात बसतं. परतीच्या दिवशीचं रात्रीचं जेवण मुद्दाम लिहिलंय बघा, कारण बस रविवारी रात्री नऊ-दहाला पुण्यात शिरते आणि साताऱ्याच्या आसपास सगळ्यांना भूक लागते आणि तीन दिवसांत तीन रात्री असतात असं लोकांना वाटतं. जेवणं मोजून लिहिली की हा प्रश्नच येत नाही. आणि तिघांत एक खोलीचे 600 कमी का, तर गादी टाकायचे हॉटेल एका रात्रीचे 900 घेतं, तरी खोली तिघांत वाटली जाते म्हणून. हे लिहिलं की तिघी मावश्या आपापसातच ठरवतात, मला मध्ये पडावं लागत नाही.

जीएसटीचं एक वाक्य: आमच्या पॅकेजवर 5 टक्के लागतो आणि हॉटेलच्या बिलातला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही, म्हणून हॉटेलचा दर टॅक्स धरूनच हिशोबात घ्या. हॉटेलवाले फोनवर "प्लस टॅक्स" हळूच म्हणतात. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा टॅक्स 12 चा 5 टक्के झाला, तेव्हा मला तीन जणांनी फोन केला होता की मग आमचा दर कमी करा. म्हणून जीएसटी दरात मिसळू नका, आकडा वेगळा दाखवा.

अजून एक, आणि हे सगळ्यात क्षुल्लक वाटेल पण यानेच निम्मी भांडणं होतात. कोट फॉरवर्ड होतो तेव्हा पूर्ण कोट कुणी वाचत नाही, कुणीतरी दराच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतं आणि तोच फिरतो. म्हणून दर, संख्या, प्रवासाच्या तारखा आणि मुदत या ओळी एकाखाली एक चिकटून पाहिजेत, दर वर आणि मुदत दुसऱ्या पानावर असं नको. मी फाईलच्या नावातच मुदत घालते:

```
Ganpatipule_26-30pax_v2_valid-15Oct2025.pdf
```

काकांना नाव इंग्रजीत का विचारायचं असेल तर विचारू दे, पण व्हॉट्सॲपवर फाईल उघडायच्या आधी तारीख दिसते हे महत्त्वाचं. आणि काही बदललं की जुनी फाईल एडिट करून परत पाठवायची नाही, v3 करायची आणि वर लिहायचं आधीचा रद्द. एकदा एका ग्रुपमध्ये निम्म्या लोकांकडे एक दर आणि निम्म्यांकडे दुसरा होता, दोन्ही माझेच, दोन्हीवर माझीच सही.

मुदत संपली की काय करायचं? गप्प बसायचं नाही. मी आदल्या दिवशी एक आणि संपल्यावर एक मेसेज टाकते: "काका, कोट क्रमांक 2 ची मुदत काल संध्याकाळी संपली, खोल्या सोडल्यात, पुढे कधी ठरलं तर नवीन कोट देईन." आधी मला वाटायचं असं लिहिलं तर उद्धट वाटेल, पण यामुळे दोन ग्रुप उलट लवकर हो म्हणाले. जे खरंच जाणार नव्हते ते पण कळले, तेही बरंच.

याने काय सुटत नाही तेही सांगते. हॉटेलवाल्यानेच शब्द फिरवला तर तुमचा कोट कितीही नीट असला तरी ग्राहकासमोर तुम्हीच उभ्या असता. आणि स्लॅबमध्ये एक भोक आहे जे मला एका रिटायर्ड बँक ऑफिसर काकांनी दाखवलं. यंदाच्या जानेवारीत याच पद्धतीचा कोट, हेच दर, त्यांचे पंचवीस जण झाले. त्यांनी फोन केला, "अगं, पंचवीस जणांचे 9,200 ने होतात 2,30,000. आणि सव्वीस जणांचे 8,700 ने होतात 2,26,200. मग मी सव्वीसच लिहितो आणि सव्विसावा शेवटच्या क्षणी आजारी पडतो, चालेल?"

मी कॅल्क्युलेटर काढला. सव्विसावा आलाच नाही तर खर्च पंचवीसचाच, 1,93,000, आणि आले 2,26,200. पंचवीसच्या दराने 37,000 उरले असते, असे 33,200 उरत होते. म्हणलं काका, चालेल, पण त्याचं नाव 20 तारखेच्या आत द्या.